लांबच्या प्रवासाआधीचे रिमाइंडर: पॅकिंग आणि कागदपत्रांबद्दल सारखे येणारे प्रश्न

लांबच्या, म्हणजे शक्यतो विमानाने दुसऱ्या देशात जायच्या प्रवासाबद्दल जे प्रश्न मला परत परत येतात ते सगळे इथे एकत्र केलेत. साध्यापासून सुरुवात आहे, किचकट पुढे आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, परत लिहिली नाहीये.

१. किती दिवस आधीपासून रिमाइंडर लावायचे? एक आठवडा पुरतो ना?

पॅकिंगला आठवडा पुरतो, कागदपत्रांना नाही पुरत. बहुतेक जण काय करतात, काम करायला किती वेळ लागेल ते बघून रिमाइंडर लावतात. पासपोर्टची तारीख बघायला काय, अर्धा मिनिट, मग बघू आदल्या आठवड्यात. पण बघायचं असतं ते "काही चुकलंय का" हे, आणि चुकलेलं निघालं तर दुरुस्त करायला किती दिवस लागतील त्यावर रिमाइंडरची तारीख ठरते. पासपोर्ट संपत आलेला निघाला तर नवीन मिळेपर्यंत काही आठवडे जाऊ शकतात, आणि व्हिसा त्या नव्या पासपोर्टवरच काढायचा असेल तर ते आठवडे व्हिसाच्या आधी लागतात, म्हणजे दोन्ही वेळांची बेरीज होते. म्हणून अर्ध्या मिनिटाच्या कामाचा रिमाइंडर ९० दिवस आधी, आणि दोन तास खाणाऱ्या बॅग भरण्याचा फक्त दोन दिवस आधी.

प्रत्येक गोष्टीला हाच प्रश्न विचारा, हे बिघडलेलं निघालं तर सरळ व्हायला किती दिवस? त्या दिवसांत थोडी सूट मिळवा आणि निघायच्या दिवसापासून मागे मोजा. मोजे विसरलात तर पोचल्यावर घेता येतात, त्यांना रिमाइंडरची गरजच नाही.

२. एकच मोठी लिस्ट करून तिला एकच रिमाइंडर लावला तर काय बिघडतं?

लिस्ट एकच असू दे, चांगलंच आहे ते. बिघडतं ते रिमाइंडरमुळे. साठ ओळींची लिस्ट रात्री एकदम समोर आली की माणूस आधी सोप्या गोष्टी टिक करतो, कपडे, ब्रश, चार्जर, आणि वीस टिक झाल्या की वाटतं झालं बरंचसं. मागे उरतात त्या नेमक्या इतरांवर अवलंबून असलेल्या गोष्टी, डॉक्टरची चिठ्ठी, सहीचं पत्र, बँकेचा फोन, आणि रात्री दहाला यातलं काहीच होत नाही.

लिस्ट एका जागी ठेवा, पण प्रत्येक रिमाइंडर त्यातल्या चार-पाच ओळींचाच करा, आणि त्या ओळी त्या दिवशी, त्या वेळी करता येण्यासारख्या असाव्यात.

३. रिमाइंडर दिवसातल्या कुठल्या वेळेला वाजावा?

जेव्हा ते काम करायला तुमचे हात आणि समोरचा माणूस दोन्ही मोकळे असतील तेव्हा. ऑफिसात फोन करायचा असेल तर कामाच्या दिवशी सकाळी, रविवारी संध्याकाळी वाजला तर तुम्ही "उद्या करू" म्हणून बाजूला साराल आणि तो परत येणार नाही. कपाटातून काही काढायचं असेल तर घरी पोचल्यावर अर्ध्या तासाने. बॅगेचं वजन करायचं असेल तर पूर्ण संध्याकाळ मोकळी असेल तेव्हा, कारण वजन जास्त भरलं तर परत सगळं काढून लावायला तास-दीड तास जातो.

माझा अनुभव असा की रस्त्यात असताना वाजलेला रिमाइंडर जवळजवळ वाया जातो. बघितला जातो, मान डोलावली जाते, आणि डोक्यात मात्र "आठवण झाली" म्हणजे काम झालं अशी नोंद होते.

४. रिमाइंडरमध्ये नेमकं काय लिहायचं? मी "पासपोर्ट" एवढंच लिहितो.

एवढ्याने भागत नाही. माझ्या एका ट्रिपची गोष्ट सांगते. आदल्या संध्याकाळी रिमाइंडर होता "पासपोर्ट स्कॅन करणे". मी स्कॅन केला, फाइल नीट आलीय का ते बघितलं, स्वतःला मेल केली, टिक केलं. पासपोर्ट स्कॅनरच्या झाकणाखाली काचेवर पालथा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी टॅक्सीत बसल्यावर पाऊचची चेन उघडली तर आत फक्त झेरॉक्स. परत फिरून घेतला, विमान मिळालं, पण शेवटच्या दहा मिनिटांत मिळालं.

तेव्हापासून मी काम लिहीत नाही, काम संपल्यावर वस्तू कुठे असायला हवी ते लिहिते. "पासपोर्ट स्कॅन होऊन परत निळ्या पाऊचमध्ये, चेन बंद." "चष्म्याची दुसरी जोडी केबिन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात." अशी ओळ टिक करायची तर उठून तो कप्पा बघावा लागतो. "तिकीट बघणे" हे तर फारच मोघम आहे, त्याऐवजी "तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळवलं" असं लिहा.

५. कागदपत्रांचे रिमाइंडर कुठले आणि कधी?

सगळ्यात लांबचा, साधारण ९० दिवस आधीचा, पासपोर्टचा. त्यात फक्त "संपलेला नाही ना" एवढं बघून चालत नाही. बऱ्याच देशांना पासपोर्ट प्रवासाच्या पुढेही सहा महिने चालू असलेला लागतो, आणि ते सहा महिने काही ठिकाणी पोचण्याच्या तारखेपासून मोजतात तर काही ठिकाणी परत निघण्याच्या. सुरक्षित राहायचं तर परतीपासून मोजा. शेंगेन देशांचा नियम अजून वेगळा आहे, तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैधता हवी आणि पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत दिलेला हवा, म्हणजे संपायची आणि दिल्याची अशा दोन्ही तारखा बघायच्या. सोबत कोरी पानं किती उरलीत तेही मोजा, व्हिसा चिकटवायला आणि शिक्के मारायला पूर्ण कोरं पान लागतं.

त्याच दिवशी व्हिसाचंही बघून टाका, आणि नुसतं जायच्या देशाचं नाही, विमान बदलताना मध्ये जिथे थांबणार त्या देशाचंही. एकाच तिकिटावर विमान बदलताना बाहेर पडावं लागत नसेल तर बऱ्याचदा काही लागत नाही, पण दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घेऊन परत चेक-इन करायला इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागू शकतं, आणि तिथे व्हिसा मागतात. स्वस्त पडतं म्हणून दोन तिकिटं घेतलेले लोक इथेच अडकतात.

दुसरा टप्पा १५ दिवस आधी. नाव जुळवणं (बघा प्रश्न ४), इन्शुरन्सच्या तारखा घर सोडल्यापासून घरी पोचेपर्यंत आहेत का, व्हिसावरच्या तारखा आणि किती वेळा प्रवेश करता येतो. हे शेवटचं नीट वाचा. मध्ये शेजारच्या देशात दोन दिवस जाऊन परत यायचं असेल आणि व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत आत घेत नाहीत.

मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं सहीचं संमतीपत्र काही देशांत आणि काही एअरलाइन्सकडे मागतात, बऱ्याचदा नोटरी केलेलं. ते मात्र ३० दिवस आधीच्या टप्प्यात टाका, कारण सही करणारा माणूस नेमका तेव्हाच गावाला गेलेला असतो.

६. औषधांचा रिमाइंडर वेगळा हवा का?

हवाच, आणि ३० दिवस आधी. रोजची गोळी आहे असं समजा आणि ट्रिप २१ दिवसांची. घर सोडायची रात्र आणि परत पोचायचा दिवस धरून ते २३ दिवस होतात. त्यावर एक आठवडा जास्तीचा, विमान रद्द झालं, तब्येत बिघडली म्हणून. म्हणजे ३० गोळ्या, दहाच्या तीन स्ट्रिप. पण ही गोळी तुम्ही आत्ताही रोज घेताय, त्यामुळे आज घरात ३० आहेत म्हणून टिक केलं तर निघायच्या दिवशी एकही उरलेली नसेल. म्हणून ओळ अशी लिहा, "३० गोळ्या वेगळ्या काढून पाऊचमध्ये, रोजच्या डब्यातल्या सोडून."

स्ट्रिप कापून सुट्या गोळ्या छोट्या डबीत नेऊ नका, मूळ पाकिटात न्या, आणि डॉक्टरची चिठ्ठी अशी घ्या ज्यावर औषधाचं मूळ रासायनिक नाव आहे, नुसतं कंपनीचं नाव नाही. झोपेच्या, तीव्र वेदनेच्या, लक्ष लागण्याच्या काही औषधांना काही देशांत आधी परवानगी लागते किंवा ती आणायलाच बंदी असते, आणि हे ३० दिवस आधी कळलं तर डॉक्टरला पर्याय विचारता येतो.

लशीचंही इथेच. यलो फीव्हरचं सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध धरतात, आता ते आयुष्यभर चालतं, पण पहिल्यांदा घेत असाल तर हे दहा दिवस कुठल्याही अर्जंट फीने कमी होत नाहीत.

औषधं केबिन बॅगेत. मोठी बॅग मागे राहिली तरी गोळी चुकू नये.

७. पॅकिंग कधी सुरू करायचं? लवकर भरलं की रोज काहीतरी परत काढावं लागतं.

खरंय, म्हणून भरायचं नाही, आधी नुसतं काढून ठेवायचं. निघायच्या आधीच्या सुट्टीच्या दिवशी रिकामी बॅग काढा, चाकं आणि चेन बघा, कुलपाचा नंबर आठवतोय का बघा, आणि काय नेणार ते एका जागी मांडा. त्याच दिवशी धुवायचे कपडे धुवायला टाका. दोन दिवस आधी मांडलेलं बॅगेत जातं आणि वजन होतं. घरच्या काट्यावर आधी स्वतः उभं राहा, मग बॅग उचलून उभं राहा, फरक म्हणजे बॅगेचं वजन. तिकिटावर दिलेल्या मर्यादेपेक्षा एक किलो कमीच ठेवा, घरचे काटे थोडे इकडे-तिकडे दाखवतात.

वजनाच्या वेळीच एक नजर मोठ्या बॅगेत काय जाऊ नये यावर टाका. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, केबिनमध्येच न्यायच्या. मर्यादा १०० वॉट-अवरची असते, त्यावर १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते. पॉवर बँकवर बहुतेकदा मिलीअँपिअर-अवर ठळक छापलेलं असतं, त्याला १००० ने भागून ३.७ ने गुणा. २०,००० असेल तर ७४ वॉट-अवर, चालतं. आकडे पुसले गेले असतील तर सिक्युरिटीत काढून घेऊ शकतात, म्हणून ते छापील अक्षर वाचता येतंय का हीसुद्धा लिस्टमधली एक ओळ करा.

८. शेवटच्या क्षणापर्यंत वापरात असलेल्या वस्तूंचं काय?

विसरतात त्या बहुतेक ह्याच. फोनचा चार्जर भिंतीत, चष्मा उशीशेजारी, रात्रीची गोळी बेसिनजवळ, कानातलं मशीन त्याच्या डबीत, इन्सुलिन फ्रिजमध्ये. यांना आदल्या दिवशीचा रिमाइंडर लावून काही होत नाही, कारण तेव्हा त्या भरताच येत नाहीत. टिक करता येत नाही म्हणून ओळ तशीच राहते आणि मग डोळ्याला तिची सवय होते.

यांची वेगळी छोटी लिस्ट करा, सात-आठ ओळींची, आणि तिला घर सोडायच्या साधारण एक तास आधीचा रिमाइंडर. शिवाय तीच लिस्ट कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराला आतून, कडीच्या उंचीवर चिकटवा. फ्रिजमधल्या वस्तूसाठी माझी पद्धत अशी की घराची किल्लीच फ्रिजमध्ये त्या वस्तूच्या शेजारी ठेवायची, किल्ली घेतल्याशिवाय दार लावता येत नाही. एक चार्जर जास्तीचा असेल तर तो चार दिवस आधीच बॅगेत टाकून द्या, एक ओळ कमी होते.

९. एखादं पूर्ण उदाहरण द्या ना, तारखांसकट.

घेऊ. विमान १२ नोव्हेंबर, पहाटे ००:४०, परतीचं विमान २ डिसेंबर.

सगळ्यात आधी ००:४० चा घोळ. तिकिटावर १२ तारीख आहे म्हणून लोक १२ च्या रात्री निघायची तयारी करतात आणि तोवर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असतो. विमानतळावर तीन तास आधी म्हणजे ११ ला रात्री ९:४०. घरापासून दीड तास धरला तर ८:१०, म्हणजे ८ ला निघायचं. तर कॅलेंडरमध्ये मुख्य नोंद विमानाची नाही, "घर सोडणे, ११ नोव्हेंबर, रात्री ८" ही. मागे मोजायचं ते सगळं इथून.

१४ ऑगस्टच्या आसपास पासपोर्ट आणि व्हिसा. परती २ डिसेंबर, त्यात सहा महिने मिळवले तर पासपोर्ट पुढच्या वर्षी २ जूनच्याही पुढे चालू हवा. समजा तो २० मेला संपतोय. आज तो अगदी वैध दिसतो, नऊ महिने बाकी आहेत, पण सहा महिन्यांचा नियम असलेल्या देशासाठी बारा-तेरा दिवस कमी पडतात. ऑगस्टमध्ये कळलं तर नूतनीकरणाला वेळ आहे, नोव्हेंबरमध्ये कळलं तर विमानतळावरून घरी.

१२ ऑक्टोबरला औषधं आणि संमतीपत्र. २७ ऑक्टोबरला नाव, इन्शुरन्स, व्हिसाच्या तारखा. ११ तारखेला बुधवार आहे असं धरा, म्हणजे ७ ला शनिवार, बॅग काढणं आणि मांडणं त्या दिवशी. ९ ला संध्याकाळी बॅग भरून वजन, १० ला संध्याकाळी कागदपत्रांचा पाऊच पूर्ण, आणि मोठी बॅग बंद.

वेब चेक-इन एअरलाइननुसार २४ किंवा ४८ तास आधी उघडतं. २४ तास म्हणजे ११ तारीख उजाडताना ००:४०. तेव्हा जागं राहायचं नसेल तर ११ ला सकाळी ८ चा रिमाइंडर. संध्याकाळी ७ ला दाराची लिस्ट, आणि ७:४५ ला एकच ओळ, "पासपोर्ट हातात धरून बघितला."

१०. कॅलेंडर अ‍ॅपमध्ये हे कसं बसवायचं? ९० दिवस आधीचं नोटिफिकेशन लागतच नाही.

गूगल कॅलेंडरमध्ये एका इव्हेंटला जास्तीत जास्त पाच नोटिफिकेशनं लागतात आणि सर्वांत लांबचं चार आठवडे आधीचं. त्यामुळे ९० दिवसांचा आणि ३० दिवसांचाही वेगळा इव्हेंटच करावा लागतो. माझं मत, सगळेच वेगळे करा. म्हणजे प्रत्येकाला स्वतःचा मजकूर देता येतो, नाहीतर पाचही वेळा "विमान" एवढंच वाजतं आणि कशासाठी वाजलं ते आठवावं लागतं.

दुसरी अडचण अशी की "७ दिवस आधी" म्हटलं की अ‍ॅप इव्हेंटच्याच वेळेला मोजतं. ००:४० च्या विमानाला लावलं तर मध्यरात्री ००:४० ला वाजणार, तुम्ही झोपेत. इम्पोर्ट करायची फाइल स्वतः बनवत असाल तर तासही मोजून लिहा. हा तुकडा १२ नोव्हेंबर ००:४० च्या इव्हेंटसाठी ५ नोव्हेंबरला संध्याकाळी ७ ला वाजतो:

```
BEGIN:VALARM
ACTION:DISPLAY
DESCRIPTION:चष्म्याची दुसरी जोडी केबिन बॅगेत
TRIGGER:-P6DT5H40M
END:VALARM
```

सहा दिवस, पाच तास, चाळीस मिनिटं आधी. फाइल इम्पोर्ट केल्यावर अलार्म खरंच आले का ते इव्हेंट उघडून बघा, काही अ‍ॅप इम्पोर्ट करताना फाइलमधले अलार्म टाकून देतात आणि स्वतःचे नेहमीचे लावतात.

११. तिकिटाची तारीख पुढे गेली, आता सगळे रिमाइंडर हलवायचे का?

सगळे सरसकट नाही. बॅग, दाराची लिस्ट, चेक-इन हे निघण्याला बांधलेले आहेत, ते तेवढेच दिवस पुढे जातात. पासपोर्ट आणि व्हिसाचे हलवू नका, ते उलट आजच परत उघडा, जुन्या तारखेला जे बरोबर होतं ते नव्या तारखेला बरोबर असेलच असं नाही. वरच्याच उदाहरणात पासपोर्ट २५ जूनला संपणारा असता तर २ डिसेंबरच्या परतीला चालला असता, आणि ट्रिप महिनाभर पुढे गेली की कमी पडला असता. इन्शुरन्सच्या तारखाही अशाच मागे राहतात. गोळ्या परत मोजा.

हे सोपं जावं म्हणून इव्हेंटच्या नावातच खूण ठेवा, "निघणे वजा २" असं. हलवताना कुठला किती ते परत मोजावं लागत नाही.

१२. टाइम झोन बदलल्यावर रिमाइंडर चुकीच्या वेळी वाजतात, का?

कॅलेंडरमधला ठराविक वेळेचा इव्हेंट जिथे बनवला तिथल्या टाइम झोनला चिकटलेला असतो. तुम्ही तिकडे गेलात की फोन तो तिथल्या वेळेत बदलून दाखवतो. फोनच्या घड्याळातला अलार्म मात्र स्थानिक काट्यावर चालतो, सातचा म्हणजे तिथले सात.

गडबड होते परतीच्या विमानात. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या विमानतळाची स्थानिक असते. परतीचं विमान तिथल्या रात्री १० चं आहे आणि तुम्ही घरी बसून १० टाकलंत तर अ‍ॅप ते घरचे १० धरतं, आणि तिथे पोचल्यावर इव्हेंट काही तास सरकलेला दिसतो. टाकतानाच टाइम झोनमध्ये तिथलं शहर निवडा. परतीचे सगळे रिमाइंडर घर सोडायच्या आधी असेच लावून ठेवा, आणि पोचल्या दिवशी एकदा उघडून तिकिटाशी जुळवा.

रोजच्या गोळीचं वेगळं आहे. काही औषधं दोन डोसमधलं अंतर बघतात, काही स्थानिक वेळ, ते ३० दिवस आधीच्या भेटीतच डॉक्टरला विचारून रिमाइंडरमध्ये लिहून ठेवा.

१३. आम्ही चौघं जाणार आहोत. ग्रुपवर लिस्ट टाकली तरी प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केलं.

शेअर केलेल्या लिस्टमध्ये ओळीपुढे नाव नसेल तर ती ओळ कुणाचीच नसते. प्रत्येक ओळीला एकच नाव द्या, दोन नावं नकोत. रिमाइंडर त्याच माणसाच्या फोनवर वाजायला हवा, सगळ्यांच्या नाही, चौघांच्या फोनवर एकदम वाजलं की चौघंही बंद करतात.

पासपोर्ट मात्र प्रत्येकाने आपला बघायचा नाही. चारही एकाने टेबलावर शेजारी-शेजारी उघडून ठेवायचे, संपायच्या तारखा एका कागदावर लिहायच्या, आणि दुसऱ्याने तो कागद हातात घेऊन तपासायचा. लहान मुलांचा पासपोर्ट बऱ्याच देशांत कमी वर्षांसाठी देतात, त्यामुळे आई-बाबांचे चालू आणि मुलाचा संपलेला असं खूपदा निघतं. घरातल्या वयस्कर माणसाला अ‍ॅप नको असेल तर त्यांच्यासाठी कागद छापा आणि त्या-त्या दिवशी फोन करा, "आजी, गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलंत का, बघून सांगा, मी फोनवर थांबते."

१४. रिमाइंडर वाजतो, मी स्वाइप करते आणि संपलं. काय करू?

नोटिफिकेशन एकदा सरकवलं की गेलं, म्हणून कागदपत्रांसाठी कॅलेंडर इव्हेंट नको, टास्क वापरा, तो पूर्ण केल्याशिवाय यादीत राहतो. पुढे ढकलायचं असेल तर "नंतर" नको, नेमका दिवस आणि वेळ निवडा. आणि एकच गोष्ट तिसऱ्यांदा ढकलली तर समजा की अडचण आठवण्याची नाहीये, पुढची पायरीच ठरलेली नाहीये. "व्हिसाचं बघणे" तीनदा ढकललं जातं, पण "अर्जाला लागणारा फोटो काढून आणणे, साइज अर्जात लिहिलाय तो" हे होऊन जातं.

काहींचा रिमाइंडर वाजतच नाही. फोनचा बॅटरी सेव्हर किंवा डू नॉट डिस्टर्ब तो दाबून टाकतो. पाच मिनिटांनंतरचा एक खोटा रिमाइंडर लावून स्क्रीन बंद करून बघा.

१५. अचानक निघायचं आहे, हातात फक्त ४८ तास. मग?

क्रम उलटा करा, बॅग शेवटी. पहिल्या तासात पासपोर्टची तारीख, व्हिसा आणि मधल्या थांब्याचा व्हिसा, कारण यातलं एखादं अडलं तर बाकी सगळं थांबतं आणि तिकीट काढायच्या आधीच ते कळायला हवं. मग औषधं, दुकानं उघडी असतानाच. मग तिकीट आणि नाव जुळवणं, नावात चूक असेल तर तिकीट काढल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत दुरुस्ती सोपी जाते. रिमाइंडर तीनच पुरे: आत्ता, निघायच्या आदल्या संध्याकाळी बॅग, आणि एक तास आधी दाराची लिस्ट (प्रश्न ८).

कुणाचं आजारपण किंवा मृत्यू म्हणून निघत असाल तर लिस्ट स्वतः चालवू नका, घरातल्या किंवा मैत्रीतल्या एकाला वाचायला सांगा आणि तुम्ही फक्त वस्तू त्याच्या हातात देत जा. अशा वेळी डोकं टिक करतं आणि हात काहीच करत नाहीत.

१६. फोनच हरवला किंवा बंद पडला तर ही सगळी व्यवस्था गेली ना?

रिमाइंडर जातील, कागदपत्रं जाऊ नयेत. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, तिकीट, इन्शुरन्सचा नंबर आणि डॉक्टरची चिठ्ठी याची एक प्रिंट मोठ्या बॅगेत आणि एक सोबतच्या माणसाकडे, मूळ कागदांबरोबर एकाच पाऊचमध्ये नाही. फाइल ऑनलाइन ठेवली असेल तर तिचा पासवर्ड फोनवर येणाऱ्या कोडशिवाय उघडतो का ते घरी असतानाच दुसऱ्या मशीनवर करून बघा, तो कोड हरवलेल्या फोनवर येणार असतो. ही तपासणी मी १० नोव्हेंबरच्या, म्हणजे पाऊच भरायच्या संध्याकाळी ठेवते, सगळे कागद तेव्हा टेबलावरच असतात.